पोच आणि होकार

कर्जत आणि खालापूर या रायगड जिल्ह्याच्या घाटपायथ्याच्या दोन तालुक्यांच्या कचेऱ्यांत माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली, आणि त्यांतलीही पुष्कळशी बारनिशीच्या टेबलाशी गेली. म्हणजे आलेला कागद नोंदून घ्यायचा, जाणारा कागद नोंदून पाठवायचा, आणि या दोन नोंदींच्या मधल्या काळात तो कोणाच्या गठ्ठ्याखाली निद्रिस्त आहे याचा तपास करीत राहायचे. सुनावणीची नोटीस दोन प्रतींत निघत असे. कोतवाल ती घेऊन पावसापाण्यातून वाडीवस्तीवर जाई, एक प्रत संबंधित इसमाच्या हाती देई, दुसरीवर त्याची सही किंवा अंगठा घेई, आणि ती अंगठ्याची प्रत कचेरीत परत आली की आम्ही नोंदवहीत ‘तामील’ असा शेरा मारून निश्चिंत होत असू. एकदा असा तामील झालेला एक गृहस्थ सुनावणीस आलाच नाही. पुढे बाजाराच्या दिवशी तो समोर भेटला तेव्हा मी विचारले, “नोटीस मिळाली होती ना?” तो म्हणाला, “मिळाली की भाऊसाहेब, म्हणून तर अंगठा दिला.” त्याच्या उत्तरात तसूभरही खोट नव्हती. कागद पोचल्याची खूण त्याने दिली होती. येण्याचे त्याने कबूल केलेच नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते. पोच निराळी आणि होकार निराळा, हे मला त्या दिवशी प्रथम कळले, आणि निवृत्तीनंतर चौदा वर्षांनी, ज्या विषयाचा कचेरीच्या दप्तराशी काही संबंध असेल असे स्वप्नातही वाटले नव्हते, त्या विषयात ते उपयोगी पडले.

२०२४ च्या जुलैतली ही गोष्ट. आमच्या कचेरीत पूर्वी शिपाई असलेल्या एका सद्गृहस्थांची नात, कर्जत-खोपोली मार्गावरील डोळवली स्थानकापासून आत चालत जावे लागते अशा वस्तीत राहणारी, त्याच उन्हाळ्यात रसायनशास्त्र घेऊन विज्ञानाची पदवी परीक्षा उत्तीर्ण झालेली, शुक्रवारी संध्याकाळी भिजत माझ्या घरी आली. पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या गुणनियंत्रण प्रयोगशाळेत कनिष्ठ रसायनतज्ज्ञाच्या जागेसाठी तिने अर्ज केला होता, आणि दूरदृश्य मुलाखतीचे बोलावणे आदल्या दिवशी, म्हणजे ११ तारखेस, ईमेलने आले होते. “आजोबा, उत्तर लिहून ठेवलंय, फक्त एकदा बघा,” असे म्हणून तिने मोबाईल पुढे केला. उत्तरात मजकूर एवढाच होता की पत्र मिळाले, आभारी आहे. अंगठा दिला होता!

मी तिला म्हटले, “आधी त्यांचं पत्र दाखव, तुझं नंतर बघू.” ते पत्र आम्ही दोघांनी तीनदा वाचले. पत्र इंग्रजीत होते, आठ-दहा ओळींचे, आणि वरवर पाहता त्यात सर्व काही होते: पदाचे नाव, दिवस, तारीख, वेळ, मुलाखत झूमवर होईल आणि तिचा दुवा आदल्या दिवशी पाठविण्यात येईल ही सूचना, आणि शेवटी, ज्या वाक्यावाचून आपल्या देशात मुलाखतीचे एकही पत्र आजतागायत निघाले नसावे ते वाक्य, की येताना सर्व मूळ प्रमाणपत्रे व त्यांच्या प्रतींचा एक संच सोबत आणावा.

पहिल्या वाचनात तिला काही खटकले नाही. दुसऱ्या वाचनात तीच हसली आणि म्हणाली, “सोबत आणावा म्हणजे कुठे, आजोबा?” हा प्रश्न विनोदी वाटला तरी वरवरचा नव्हता. या वाक्याचा अर्थ तीन प्रकारांनी लागत होता. मुलाखतीच्या वेळी कागद हाताशी ठेवावेत आणि सांगितल्यास कॅमेऱ्यापुढे धरावेत, हा एक. प्रती अगोदर पाठवाव्यात, हा दुसरा. आणि दूरदृश्य मुलाखतीखेरीज आणखी एक समक्ष भेट आहे, तेव्हा ते घेऊन कारखान्यावर यावे, हा तिसरा. माझा तर्क असा होता की समक्ष मुलाखतीच्या जुन्या पत्राचा साचा घेऊन त्यात वेळ आणि पद तेवढे बदलले गेले आणि शेवटची ओळ तशीच राहिली. कारण कचेरीत आम्हीही तेच करीत असू, आणि एकदा तर भूसंपादनाच्या नोटिशीत पीकपाहणीचा परिच्छेद माझ्याच हातून राहून गेला होता. परंतु तर्क बरोबर असला तरी त्याच्यावर विसंबून तीनपैकी एक अर्थ आपणच निवडणे उमेदवाराला परवडत नाही, कारण चुकीचा निवडला तर दोष पत्राचा ठरत नाही, त्याचा ठरतो.

तिसऱ्या वाचनात मला जे दिसले ते अधिक गंभीर होते. पत्रात ‘बुधवार, दि. १८ जुलै, सकाळी ११.३०’ असे होते. माझ्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत १८ तारखेस गुरुवार होता. बुधवारी १७ तारीख येत होती, त्या दिवशी आषाढी एकादशी होती आणि मोहरमची सुट्टीही. मुलगी लगेच म्हणाली, “मग गुरुवारच असणार, सुट्टीच्या दिवशी कोण मुलाखत घेईल?” तिचे अनुमान शहाणपणाचे होते, पण खासगी कारखान्याची सुट्टी सरकारी सुट्टीप्रमाणे चालतेच असे नाही, आणि चूक वारात झाली की तारखेत, हे पत्र लिहिणाराच सांगू शकतो. मुलाखतीच्या होकारात वार, तारीख आणि वेळ पुन्हा लिहिण्याचे खरे प्रयोजन येथे आहे. शिष्टाचार म्हणून ती पुनरुक्ती करावयाची नसते. कचेरीत नकलेची मूळ कागदाशी रुजुवात घालताना एकजण मोठ्याने वाचीत असे आणि दुसरा डोळ्यांनी पाहत असे, तशीच ही रुजुवात आहे. आपण वाचून दाखवायचे, म्हणजे चूक असेल तर तिकडच्या माणसाला ती ऐकू येते. तिने पाठविण्यासाठी लिहून ठेवलेल्या उत्तराने ही चूक दोन्हीकडे झाकलेलीच राहिली असती.

मग मी तिला मसुदा करायला बसविले. आधी मराठीत लिही, नंतर इंग्रजीत उतरव, असे सांगितले, कारण परक्या भाषेत माणूस काय विचारायचे याऐवजी काय येते तेवढेच लिहितो. तिच्या पहिल्या मसुद्यात नऊ प्रश्न होते. त्यांत वेतन किती, पाळी कोणती, बसची सोय आहे का, हेही होते. ते मी काढायला लावले. ते रास्त नव्हते असे नाही, पण त्यांची जागा मुलाखतीत किंवा निवडीनंतर होती, आणि ज्याच्याकडे त्या दिवशी पंधरावीस उमेदवारांची यादी आहे तो माणूस नऊ प्रश्नांचे पत्र ‘सवडीने पाहू’ म्हणून बाजूस ठेवतो. शेवटी, ज्याचे उत्तर नसेल तर आपली तयारीच अडेल, तेवढेच प्रश्न ठेवायचे असे ठरले. ते तीन निघाले: मुलाखतीचे स्वरूप काय, ती किती वेळ चालेल, आणि कागदांचे काय करायचे.

कालावधीचा प्रश्न मुंबई-पुण्याच्या माणसाला निव्वळ कुतूहलाचा वाटेल. आमच्याकडे तो सगळ्या व्यवस्थेचा पाया होता. तिच्या वस्तीत मोबाईलचा संकेत ओटीच्या एका कोपऱ्यात मिळतो, आणि आषाढातला पाऊस सह्याद्रीच्या भिंतीला भिडला की तोही जातो, विजेबरोबर. म्हणून मुलाखत माझ्या कर्जतच्या घरून द्यायची होती. खोपोलीच्या फाट्यावरच्या गाड्या मोजक्याच. त्यामुळे कोणत्या गाडीने यायचे आणि कोणत्या गाडीने परतायचे हे कालावधीवर ठरणार होते, आणि माझ्या घरचा इन्व्हर्टर दिवे-पंखे बंद ठेवले तर सुमारे दोन तास टिकतो, हाही हिशेब होता. शिवाय महाविद्यालयातल्या अनुभवावरून तिनेच सांगितले की झूमच्या विनामूल्य खात्यावरची बैठक ४० मिनिटांनी आपोआप संपते. तेव्हा मुलाखत त्याहून लांबणार असेल आणि मध्येच पडदा काळा झाला, तर उमेदवाराने आपल्याला घालवून दिले असे समजून रडत बसायचे नसते, तर त्याच दुव्याने पुन्हा आत जायचे की नव्याची वाट पाहायची, एवढेच पाहायचे असते.

कागदांच्या बाबतीत तिच्याजवळ एक उणीव होती, आणि ती लपविण्याकडे तिचा कल होता. सहाही सत्रांच्या गुणपत्रिका होत्या, पण पदवीचे प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर मिळणार होते. हाती होते ते तात्पुरते प्रमाणपत्र. “ते विचारलं तर नाही म्हणतील ना?” ती म्हणाली. माझे मत उलट होते. त्याच वर्षी उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक उमेदवाराची स्थिती तीच असणार, आणि कारखान्याच्या माणसाला ते ठाऊक असणार. अगोदर लिहून कळविलेली उणीव ही माहिती असते, आणि तीच मुलाखतीच्या भर मध्यात उघड झाली की तिला अपराधाचे रूप येते.

येथे थोडे विषयांतर करतो. १९७५ साली मी स्वतः मुलाखतीस अलिबागेस गेलो, तेव्हा जिल्ह्याचे नाव अजून कुलाबा होते. पहाटेच्या एस. टी. ने खोपोली, पेण करीत, मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन मी पोचलो. पेटीत सर्व मूळ प्रमाणपत्रे होती, आणि प्रतीही होत्या, पण प्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन नव्हते, कारण पत्रातील ‘प्रती’ या शब्दाचा अर्थ मी शब्दशः घेतला होता. सही देणारा अधिकारी शोधत त्या अनोळखी गावात मी दीड तास फिरलो आणि माझा क्रमांक पुकारला गेला तेव्हा धापा टाकीत होतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये स्वयंसाक्षांकन मान्य केले तेव्हा मी निवृत्त झालो होतो, तरी तो निर्णय वाचताना मला अलिबागेचा तो दीड तास आठवला. पत्रातील एका शब्दाबद्दल पंधरा पैशांच्या कार्डाने विचारता आले असते. पण विचारले तर आपण अडाणी ठरू, अशी त्या काळी आमची समजूत असे, आणि ती मुलीमध्येही जशीच्या तशी उतरलेली पाहून मला नवल वाटले.

तर मसुदा असा सिद्ध झाला:

“माननीय महोदया, कनिष्ठ रसायनतज्ज्ञ पदाच्या मुलाखतीचे आपले दि. ११ जुलैचे पत्र मिळाले. मुलाखतीस मी उपस्थित राहीन. पत्रात ‘बुधवार, दि. १८ जुलै, सकाळी ११.३०’ असे नमूद आहे. १८ तारखेस गुरुवार येत असल्याने मी गुरुवार, दि. १८, सकाळी ११.३० ही वेळ धरली आहे. बुधवार, दि. १७ अभिप्रेत असल्यास कृपया कळवावे. त्या दिवशीही मला येता येईल. तयारीसाठी पुढील माहिती मिळाल्यास आभारी होईन. मुलाखत साधारण किती वेळ चालेल? मुलाखत कोण घेणार आहे व ती कोणत्या भाषेत होईल? मूळ प्रमाणपत्रे कॅमेऱ्यासमोर दाखवावयाची आहेत, की त्यांच्या प्रती अगोदर पाठवावयाच्या आहेत? माझे पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर मिळणार असून तूर्त तात्पुरते प्रमाणपत्र व सहाही सत्रांच्या गुणपत्रिका उपलब्ध आहेत. त्या चालतील काय?” खाली तिचे पूर्ण नाव, दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसे, आणि मोबाईल क्रमांक.

होकार दुसऱ्याच वाक्यात आहे हे वाचकाच्या ध्यानात आले असेल. यादी करणाऱ्याला त्या वाक्यापुढे वाचण्यास सवड झाली नाही तरी नावासमोर खूण करता यावी, एवढ्यासाठी ते तेथे ठेवले. इंग्रजीत उतरविताना ‘प्रयत्न करीन’ अशा अर्थाचे काहीतरी तिच्या लेखणीतून उतरले होते. ते मी खोडले. आपल्याकडे नम्रतेने असे म्हणतात, पण यादी करणारा ते ‘अनिश्चित’ म्हणून लिहून घेतो.

पाठविण्याच्या क्षणी आणखी एक खाच निघाली. बोलावणे ज्या पत्त्यावरून आले होते तो यंत्राचा पत्ता होता. या पत्त्यावर उत्तर देऊ नये, अशी बारीक अक्षरातली ओळ पत्राच्या अगदी तळाशी होती, आणि तिच्यावरच मनुष्यबळ विभागातील एका बाईंचे नाव व पत्ता होता. मूळ पत्र खाली तसेच राहील आणि विषयाची ओळ बदलणार नाही अशा बेताने, पण पत्ता त्या बाईंचा घालून, उत्तर रवाना झाले. तसे केले नसते तर ते पत्र कोणाच्याही बारनिशीत न नोंदले जाता अंतर्धान पावले असते, आणि आम्ही मात्र ‘जावक’ झाले म्हणून स्वस्थ राहिलो असतो.

शनिवार-रविवार गेले. सोमवारी दुपारी उत्तर आले. वार चुकला होता, तारीख १८ बरोबर होती, आणि त्याबद्दल दिलगिरी होती. वेळ सुमारे अर्धा तास. सर्व कागद एकाच पीडीएफमध्ये करून १६ तारखेच्या संध्याकाळपर्यंत पाठवावेत. मूळ कागद मुलाखतीच्या वेळी जवळ असावेत, कॅमेऱ्यापुढे धरण्यास सांगितले जाईल. कारखान्यावर आणण्याची तूर्त आवश्यकता नाही, ती ओळ जुन्या पत्रातून आली आहे. तात्पुरते प्रमाणपत्र चालेल. मुलाखत गुणनियंत्रण विभागाचे प्रमुख आणि त्या बाई स्वतः घेतील. भाषेविषयी मात्र अक्षर नव्हते.

ती चूक माझी होती. ‘कोण घेणार आहे व ती कोणत्या भाषेत होईल’ हे दोन प्रश्न मी एका वाक्यात बांधले, आणि वाचणाऱ्याने पहिल्याचे उत्तर देऊन वाक्य निकालात काढले. कचेरीत एका पत्रात एकच विषय असावा असा दंडक होता आणि तो मोडणाऱ्याला मी स्वतः बोललो आहे. पुन्हा विचारावे का, असे तिने विचारले. मी नको म्हटले. त्या उत्तरावाचून अडत नव्हते, दोन्ही भाषांत तयारी करता येत होती. मात्र कागद पाठविताना उत्तर पोचल्याचे आणि गुरुवार, दि. १८ निश्चित समजल्याचे एक वाक्य तिने सोबत लिहिले, आणि ते मी सांगण्याच्या आत लिहिले.

गुरुवारी ती साडेनऊलाच आली. माझ्या टेबलावर कागद क्रमाने मांडले: ओळखपत्र, दहावी, बारावी, सहा गुणपत्रिका, तात्पुरते प्रमाणपत्र. एक रंगीत तालीम करू म्हणून मी आतल्या खोलीतून माझ्या मोबाईलवर तिला पाहू लागलो, आणि तिने दहावीचे प्रमाणपत्र कॅमेऱ्यापुढे धरताच मला एक पांढरा लखलखाट दिसला. घरच्यांनी जपणुकीच्या भरात ते लॅमिनेट करून आणले होते, आणि खिडकीचा उजेड त्यावरून सरळ कॅमेऱ्यात येत होता. टेबल फिरवून खिडकी बाजूला घेतली, कागद किंचित खाली झुकवून धरायला सांगितले, तेव्हा अक्षरे दिसू लागली. दुसरी अडचण तिच्या बाजूची होती. स्वतःच्या पडद्यावर तिला आपले प्रमाणपत्र आरशातल्यासारखे उलटे दिसत होते, म्हणून ती ते पुन्हा पुन्हा फिरवून पाहत होती. मला ते सुलट दिसत होते. “समोरच्याला सरळच दिसतं, तू हलवू नकोस,” असे मी आतून ओरडलो.

मुलाखत पस्तीस मिनिटे चालली. मी आतल्या खोलीत दार लावून बसलो होतो, त्यामुळे सगळे ऐकू आले नाही. अनुमापनात अंत्यबिंदू ओलांडला गेला तर पुढे काय कराल, असा प्रश्न मराठीत आल्याचे आणि तिने पुन्हा नवा नमुना घेण्याचे उत्तर दिल्याचे तेवढे कानी पडले. पंचविसाव्या मिनिटाला वीज गेली आणि इन्व्हर्टरचा तो ओळखीचा खटका वाजला. बाहेरच्या खोलीतले बोलणे थांबले नाही. कागद दाखवायला सांगितले ते फक्त दोन, ओळखपत्र आणि दहावीचे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. रुजू होण्याचे पत्र आले होते, आणि त्यात ती ओळ पुन्हा होती, मूळ प्रमाणपत्रे सोबत आणावीत. या वेळी ती जागच्या जागी होती. मी विचारले, “पत्राची पोच दिलीस का?” ती म्हणाली, “होकार दिला, आजोबा. आणि वार बघितला, सोमवारच आहे.”